उत्तर आलं नाही म्हणजे होकार नव्हे

"नमस्कार. मागच्या दिवाळीला आपण चंदेरीचे जे फोटो काढले, ते माझ्याकडेच आहेत. या वेळी एआयच्या पोस्टरमध्ये ते वापरते आहे. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर तुमची हरकत नाही असं समजेन."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात साड्यांचं लहानसं दुकान चालवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी हा मेल पाठवायच्या आधी मला दाखवला. फोटोतली मुलगी कॉलेजात शिकते आणि मधूनमधून मॉडेलिंग करते. दोघीही तिथल्या जुन्या मराठी घरांतल्या, त्यामुळे मेल मराठीत. बाई सरळ मनाच्या आहेत. न विचारता फोटो वापरणारे पुष्कळ असतात, यांनी निदान विचारायचं तरी ठरवलं. पण त्या चार ओळींत नमस्काराखेरीज प्रत्येक वाक्यात एक गैरसमज होता, आणि तो त्यांच्या एकटीचा नाही.

"ते माझ्याकडेच आहेत" यापासून सुरुवात करू. बाईंचं म्हणणं असं, की फोटोग्राफरला पैसे मी दिले, मुलीला मानधन दिलं, मग फोटो माझेच. यातलं अर्धं खरं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ नुसार पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे फोटोग्राफरपुरता बाईंचा दावा ठीक आहे. मुलीचा चेहरा मात्र या मालकीत येत नाही. फोटो ही एक वस्तू, आणि त्यात दिसणाऱ्या माणसाची छबी जाहिरातीत वापरण्याचा हक्क ही निराळी गोष्ट.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९९४ मध्येच सांगितलं आहे. 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाच्या संपादकाच्या प्रकरणात, म्हणजे आर. राजगोपाल खटल्यात, खासगीपणाच्या भंगाचं उदाहरण देताना न्यायालयाने नेमकं हेच घेतलं होतं: एखाद्याचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरणं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा हा पाया आणखी पक्का झाला.

"हे सगळं नटनट्यांसाठी असतं हो," असं बाई म्हणाल्या. बातम्या वाचून तसं वाटणं साहजिक आहे. २०२३ मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. एआयने आपला चेहरा किंवा आवाज वापरू नये म्हणून तिघांनाही तातडीचे आदेश मिळाले. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत त्याच्या नावाचं बाजारमूल्य हा एक जादा मुद्दा असतो, एवढाच फरक. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेली याचिका एका अगदी सामान्य स्त्रीची होती. ओळखीच्या फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि फोटो विकणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकला. तिथून तो महाराष्ट्रासह काही राज्य सरकारांच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत गेला. न्यायालयाने प्रकार गंभीर मानला, सकृतदर्शनी व्यापारी गैरवापर दिसतो असं नोंदवलं आणि नोटिसा काढल्या. फोटो काढून घ्यायला ती बाई तयार होती, म्हणून जाहिरातीलाही तयार होती असं कुणी धरलं नाही.

आता मेलमधलं पुढचं वाक्य: "एआयच्या पोस्टरमध्ये वापरते आहे." सगळ्यात मोठी गडबड इथे आहे, कारण या चार शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी मावतात.

पहिली साधी. मुलगी फोटोत आहे तशीच राहते, फक्त मागचा पडदा जाऊन तिथे किल्ला येतो किंवा दिव्यांची आरास येते. दुसरी, तिचा फोटो नमुना म्हणून देऊन संगणकाकडून नवीनच चित्र करून घ्यायचं. चेहरा तिचा, पण ती कधी उभी राहिली नाही अशी उभी, कधी नेसली नाही ती साडी. तिसरी, तिचे पंधरा-वीस फोटो देऊन तिच्या चेहऱ्यापुरती एक छोटी फाइल शिकवून तयार करायची. त्या फाइलला 'लोरा' म्हणतात. ती एकदा हातात आली की फोटोंची गरजच उरत नाही. मुलीला न बोलावता पुढच्या दहा दिवाळ्या काढता येतात, आणि फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या दुकानातही जाऊ शकते.

मागच्या दिवाळीला मुलीने "हो" म्हटलं होतं ते एका दुपारच्या फोटोंसाठी. पहिल्या प्रकारापर्यंत तो होकार कदाचित ताणता येईल, दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी ते लिहिलं आहे: मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. पण आज मिळवलेली संमती उद्याही टिकायला हवी असेल, तर ती आजच त्या मापाची घेतलेली बरी.

दुसऱ्या प्रकारात काय बिघडतं तेही बाईंच्या पोस्टरवरच दिसत होतं. त्यांनी हौसेने एक नमुना करून ठेवला होता. मी मूळ फोटो शेजारी धरायला सांगितला. मुलगी मूळ रंगापेक्षा चांगली दोन छटा उजळ झाली होती, कंबर बारीक झाली होती आणि ब्लाउजचा गळा खाली आला होता. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ज्या असंख्य चित्रांवरून यंत्र शिकतं, त्यांच्याकडे ते झुकतं. पण मोहल्ल्यात फ्लेक्स लागला, की लोक यंत्राला नाही, मुलीला बोलणार. शिवाय साडी! मूळ चंदेरीवर अशर्फी बुट्टी होती, नाण्यासारखी गोल आणि सारख्या अंतरावरची. पोस्टरवरच्या बुट्ट्या कुठे गोल, कुठे पानासारख्या, आणि पदराच्या घडीत काठ मधेच नाहीसा झालेला. अशी साडी दुकानात नाहीच. गिऱ्हाईक पोस्टर बघून आलं तर त्याला काय दाखवणार? मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दिशाभूल करणारी' ठरू शकते. मुलीची परवानगी असली तरी ही अडचण उरतेच.

शेवटचं वाक्य: "उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजेन." ही आपली सरकारी सवय. नोटिशीखाली ही ओळ वाचून वाचून ती कायदाच वाटायला लागते. करारात मात्र समोरच्याच्या गप्प बसण्याला होकार ठरवण्याचा अधिकार विचारणाऱ्याला नसतो. १८६२ मध्ये निकाल लागलेल्या इंग्लंडातल्या एका खटल्यात काकाने पुतण्याला लिहिलं होतं, की तुझं काही उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं धरेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. न्यायालयाने सांगितलं, घोडा काकाचा झाला नाही. तेच तत्त्व आपल्याकडेही चालतं, आणि नवा विदा कायदा तर स्पष्ट कृतीने दिलेली संमती मागतो. मुलगी परीक्षेत असेल, मेल स्पॅममध्ये गेला असेल, किंवा 'नाही' कसं म्हणावं म्हणून अवघडली असेल.

मग मेल कशाला, सरळ शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घेऊ, असं बाईंच्या यजमानांनी सुचवलं. त्याची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं, की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या जहाजी खेपांचा सौदा ई-मेलवरच पक्का झाल्याचं मानलं. जहाजांचं चालतं, तर पोस्टरचं का चालू नये! फक्त कॉपीराइटच कुणाच्या नावे करायचा असेल, तर सहीचा लेख लागतो.

आम्ही बसून मेल पुन्हा लिहिला. तो असा झाला:

"नमस्कार. मागच्या दिवाळीच्या फोटोंपैकी सोबत जोडलेले तीन फोटो मला दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुकानाच्या पोस्टरसाठी वापरायचे आहेत: दुकानाबाहेरचा एक फ्लेक्स, आणि व्हॉट्सअॅप व इन्स्टाग्राम. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते, प्रत्येकीपुढे हो किंवा नाही लिहा. १) फोटो तसाच ठेवून फक्त मागचं दृश्य एआयने बदलणं. २) तुमचा चेहरा ठेवून एआयने नवीन चित्र करणं. ३) तुमच्या फोटोंवरून चेहऱ्याची फाइल तयार करून ठेवणं. रंग, अंगकाठी आणि कपड्यांची ठेवण बदलणार नाही. प्रत्येक पोस्टर आधी तुम्हाला पाठवीन, तुम्ही पसंत केल्यावरच लावीन. त्यावर 'चित्र एआयने केलेले' असं लिहीन. या वापराचं मानधन वेगळं, रक्कम फोनवर ठरली तीच. फोटो दुसऱ्या कुणाला देणार नाही. पुढे मन बदललं तर याच मेलला उत्तर द्या, दोन दिवसांत पोस्टर काढीन. उत्तर आलं नाही तर फोटो वापरणार नाही."

"चित्र एआयने केलेले" ही ओळ शोभेची नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम बदलले आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम चित्रांवर ठळक खूण ठेवण्याची जबाबदारी समाजमाध्यमांवर आली.

मन बदलण्याबद्दल बाई जरा कुरकुरल्या. छापलेला फ्लेक्स परत कसा घेऊ? आधी जे झालं ते त्यामुळे बेकायदा ठरत नाही, पुढचा वापर थांबवायचा असतो. फ्लेक्स उतरवता येतो, पोस्ट काढता येते, लोरा फाइल पुसता येते. पण फोटो एकदा एखाद्या परक्या संकेतस्थळावर चढवला, की तिथल्या प्रती पुसल्या गेल्या की नाही हे बाईंना तपासता येणार नाही. म्हणून आपल्याला पाळता येणार नाही ते वचन मेलमध्ये घातलं नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असती, तर हाच मेल आईवडिलांच्या नावे गेला असता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिल्यापुढे 'हो'. दुसऱ्यापुढे 'हो, पण साडी मी नेसलेलीच दिसली पाहिजे'. तिसऱ्यापुढे 'नाही'.

बाईंनी त्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढला आणि इनबॉक्स भरला म्हणून मूळ मेल पुसायला निघाल्या. तो तेवढा पुसू नका. वाद न्यायालयात गेलाच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ मेल खात्यात असलेला बरा.