थेंब खाली, गळती वर

गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की आपण वाकून बघतो आणि जिथे थेंब लोंबत असतो तिथेच गळती आहे असं धरून चालतो. इंजिनच्या बाबतीत हे बहुतेक वेळा चुकतं. तेल वरच्या एखाद्या सांध्यातून निघतं, ओतीव लोखंडाच्या कडेकडेने, बोल्टच्या माथ्यांवरून, वायरींच्या आधाराने खाली उतरतं. गाडी धावत असली तर समोरचा वारा त्याला मागे ढकलतो आणि शेवटी सगळ्यात खालच्या टोकाला ते थेंब धरतं. तो थेंब फक्त तेलाचा शेवटचा मुक्काम दाखवतो.

कोल्हापूरच्या एका गॅरेजात अशीच एक गाडी आली होती. चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, वय दहाच्या पुढे, मालक माध्यमिक शाळेतले शिक्षक. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, नेमक्या त्या जोडाखाली थेंब. दुसऱ्या एका गॅरेजने निदान करून टाकलं होतं की क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सील स्वतः काही शे रुपयांचं. पण तिथवर हात पोचायचा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट काढा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच आणि फ्लायव्हील सोडवा. मजुरी त्या सीलच्या कितीतरी पट.

मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्या जरा वर होतं. मग थेंब बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट पाणचट, गोडसर वासाचं. हे काळपट, पातळ होतं. इंजिन ऑइलच. तपासणी साधी आहे, पण ती केलीच पाहिजे, कारण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळलं तरी थेंब याच जोडाखाली पडतो.

"सर, आज काही खोलणार नाही. आधी धुऊन घेऊ," मिस्त्री म्हणाले.

मालकांचा चेहरा जरा पडला. गाडी दुरुस्तीला आणली आणि हा माणूस अंघोळीची भाषा करतोय. पण निम्मं निदान या धुण्यातच असतं. जुन्या गळतीवर रस्त्याची धूळ बसून काळा थर तयार झालेला असतो. त्यात कालचं तेल कुठलं, दोन वर्षांपूर्वी ऑइल बदलताना सांडलेलं कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, कारण तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर रॉकेल उडालं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. अल्टरनेटर आणि वायरींचे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधले. मग रॉकेल आणि ब्रश, त्यामागून डिग्रीजर, पाणी आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा. कोरड्या झालेल्या इंजिनवर, जोडांच्या आसपास, साधी टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ लगेच काळी उमटते. मोठ्या वर्कशॉपमध्ये तेलात एक रंगद्रव्य मिसळतात आणि अतिनील टॉर्चच्या उजेडात ते पिवळट हिरवं चमकतं. जिथे हात जात नाही, नजर जेमतेम पोचते, तिथे ते फार उपयोगी. बाकी ठिकाणी पावडर पुरते.

गाडी उभी ठेवूनच पंखा लागेपर्यंत चालवली. काहीच दिसलं नाही. मिस्त्रींना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. काही गळत्या उभ्या गाडीत दिसत नाहीत. इंजिनवर भार यावा लागतो, आतला दाब वाढावा लागतो. म्हणून मालकांनाच सोबत घेऊन चढाच्या रस्त्यावर एक फेरी मारली आणि परत येताच टॉर्च घेऊन बघायला सुरुवात केली. बघायचं वरून खाली. इथे नवशिका चुकतो. तो गाडीखाली झोपतो आणि खालून वर बघत जातो, म्हणजे त्याला सगळंच ओलं दिसतं. वरून खाली बघत आलं की जी पहिली ओली जागा भेटते, तिच्याजवळ उगम असतो.

पहिली ओली जागा सापडली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, गिअरबॉक्सच्या बाजूला. पावडरवर तिथून निघालेली बारीक काळी रेघ ब्लॉकच्या पाठीवरून उतरून थेट गिअरबॉक्सच्या घरावर आली होती, तिथून जोडाच्या कडेने फिरून बरोबर त्याच थेंबाच्या जागी. मागचं सील गळतंय असं वाटावं, अगदी तशी वाट. कोपरा असा अडचणीचा की वरून नुसतं डोकावून तो दिसत नाही. छोटा आरसा लागला.

मागचं सील खरंच गेलं असतं तर काय दिसलं असतं? गिअरबॉक्सच्या घराला खालून एक तपासणीची फट किंवा झाकण असतं. सील गळत असेल तर तेल घराच्या आतून येतं, त्या फटीतून ओघळतं आणि त्यात क्लचची काळी भुकटी मिसळलेली असते. वर ब्लॉकची पाठ मात्र कोरडी राहते. पुढे तेल क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागतो. या गाडीत फटीतून बोट फिरवलं तर कोरडं बाहेर आलं.

टॅपेट कव्हर उघडल्यावर पॅकिंग हातात घेताच कळलं. नवीन असताना ते रबर मऊ, उंच असतं. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून ते चपटं आणि कडक झालं होतं, वाकवलं तर मोडत होतं. आणखी एक गोष्ट होती. कव्हरच्या टोकाला, जिथे कॅमशाफ्टची टोपी आणि हेडची सपाट जागा मिळतात, तिथे एक छोटी पायरी असते. रबराला तो कोन नीट भरता येत नाही, म्हणून बऱ्याच इंजिनांत तिथे सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका द्यायचा असतो. आधी कुणीतरी पॅकिंग बदललं होतं, पण ठिपका विसरला होता. दुसऱ्या टोकाचा अतिरेकही मिस्त्रींनी बोलून दाखवला. काही जण गळती बंद व्हावी म्हणून पूर्ण पॅकिंगभर सिलिकॉन फासतात. जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं, तुटतं आणि तेलासोबत चेंबरमध्ये उतरून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं. बाहेरची गळती थांबते आणि आत इंजिनला तेल कमी पडायला लागतं. मिस्त्रींनी नवीन पॅकिंग बसवलं, पायरीवर तेवढा ठिपका दिला. बोल्ट ६ मिलिमीटरचे, त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, मधून सुरुवात करून कडेला जात. ताकद लावून आवळलं तर कव्हर वाकतं आणि मग कुठलंच पॅकिंग बसत नाही.

आता गाडी परत द्यायला हरकत नव्हती. पण मिस्त्रींनी ती रात्रभर गॅरेजात ठेवली, खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून. सकाळी जोडाखाली काही नव्हतं, पण पुठ्ठ्यावर दुसरीकडे, चेंबरच्या ड्रेन नटाखाली, एक गोल डाग होता. गळती कुठे आहे याइतकंच ती कधी होते, हेही सांगत असतं. ऑइल प्रेशर स्विच किंवा फिल्टरचं रबर बहुधा इंजिन चालू असतानाच गळतं, कारण तिथे पंपाचा दाब असतो. बंद गाडी रात्रभर थेंब टाकत असेल, तर संशय चेंबरवर, कारण उभ्या गाडीचं तेल तिथेच साठलेलं असतं.

ड्रेन नटाची खात्री करणं सोपं. नट आणि भोवतालची जागा पुसायची, थोड्या वेळाने नटाच्या वर बोट फिरवायचं, मग खाली. वर कोरडं आणि खाली ओलं असेल तर नटाच्याच सांध्यातून तेल येतंय. नट सैल नव्हता. त्याचं वॉशर कुणी कधी बदललेलंच नव्हतं आणि आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे होते, म्हणजे गळती आधीही कुणाच्या लक्षात आली होती आणि त्याने तेवढ्यावर भागवलं होतं. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर दबून दोन्ही पृष्ठांमधली सूक्ष्म उंचसखलता भरतं. एकदा दबलं की पुन्हा तितकं दबत नाही. मग माणूस नट अजून आवळतो. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर त्यातले आटे फाटतात, आणि काही रुपयांच्या वॉशरचं काम नवीन आटे पाडण्यावर किंवा चेंबर बदलण्यावर जातं. १४ मिलिमीटरच्या नटाला बहुतेक छोट्या गाड्यांत ३० ते ४० न्यूटन-मीटर लागतं. मिस्त्रींनी तेल काढून नवीन वॉशर टाकलं, नट आधी बोटांनी पूर्ण बसवला आणि मगच पाना लावला.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शेवटची तपासणी, जी बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ कागद धरला. कागद हलकेच आत ओढला जायला हवा. तो फडफडत बाहेर ढकलला जात होता. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची एक छोटी झडप तो ओढून परत इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडते. झडप तुंबली तर तो दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि सगळ्यात कमकुवत पॅकिंग किंवा सीलमधून तेल ढकलतो. इथली झडप हलवल्यावर खुळखुळली नाही, काळ्या चिकट गाळाने जाम होती. गाडी रोज घर ते शाळा एवढीच जायची. इतक्या अंतरात तेल पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि असा गाळ धरतो. नवीन झडप बसवल्यावर कागद आत ओढला गेला. तसं झालं नसतं तर रिंगा झिजल्याचा संशय घेऊन कॉम्प्रेशन तपासावं लागलं असतं, आणि ते वेगळं, महागडं प्रकरण.

मागचं सील जसंच्या तसं आहे आणि कोरडं आहे. तुमच्या गाडीबद्दल कुणी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणून सांगितलं, तर होकार देण्याआधी इंजिन धुऊन, गाडी फिरवून, ओली जागा वरून खाली दाखवायला सांगा. आणि यापुढे ऑइल बदलताना ड्रेन नटाचं नवीन वॉशर मागून घ्या, गॅरेजवाला नको म्हणाला तरी.