कंपनी नवे शेअर का काढते? तोल आणि उतरंड

आपल्यापैकी बऱ्याच घरांत भारतातल्या कंपन्यांचे शेअर आहेत. काही वडिलांनी घेतलेले, काही आपण सुट्टीत गेल्यावर बँकेतल्या ओळखीच्या माणसाने घ्यायला लावलेले. वर्षभर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मग एक दिवस पत्र किंवा मेल येते : कंपनी नवे शेअर काढते आहे, आपणांस इतके घेण्याचा हक्क आहे, अमुक तारखेच्या आत कळवावे. माझी नोकरी कंपन्यांच्या अर्थखात्यात गेली, म्हणून असे पत्र आले की मंडळाच्या कार्यक्रमात हातात बटाटेवडा घेऊन कोणीतरी मला गाठतेच. प्रश्न ठरलेला असतो : "ही बातमी चांगली की वाईट?"

या प्रश्नाला अर्थशास्त्रात दोन उत्तरे आहेत, आणि ती एकमेकांशी भांडतात.

पहिल्या उत्तराला मी तोलाचा सिद्धांत म्हणतो. इंग्रजीत त्याला ट्रेड-ऑफ थिअरी म्हणतात. कर्जाचा एक फायदा असतो : व्याज हा खर्च धरला जातो, त्यामुळे तेवढ्या रकमेवर कंपनीला कर पडत नाही. लाभांशाला ही सवलत नाही. पण कर्ज वाढत गेले की दुसरे पारडे जड होऊ लागते. मंदीत हप्ते थकण्याची भीती, पुरवठादारांनी रोखीचा धरलेला आग्रह, चांगली माणसे सोडून जाणे, शेवटी दिवाळखोरी. या दोन पारड्यांचा जिथे तोल साधतो तेवढे कर्ज कंपनीने ठेवावे. या हिशेबात नवे शेअर काढणे हे औषध आहे. कर्ज योग्य मर्यादेपेक्षा जास्त झाले, तर शेअर काढून पैसे उभे करायचे आणि कर्ज फेडायचे. कर्ज फारच कमी असेल, तर उलट कर्ज घेऊन शेअर परत विकत घ्यायचे. म्हणजे कर्जबाजारी कंपनीने शेअर काढले, तर ती शहाणपणाची बातमी आहे. भाव पडण्याचे काही कारण नाही.

दुसरे उत्तर पेकिंग ऑर्डर थिअरीचे. आपल्या भाषेत त्याला उतरंड म्हणता येईल. गरज पडली की घरातली बाई आधी वरच्या मडक्यात हात घालते, अगदी तळाचे मडके शेवटी. कंपनीही तसेच करते : आधी स्वतःचा साठलेला नफा, तो पुरला नाही तर कर्ज, आणि अगदी नाइलाज झाला तर नवे शेअर. ही सवय जुनीच होती. तिच्यामागचे पटण्याजोगे कारण स्ट्युअर्ट मायर्स आणि निकोलस मज्लुफ यांनी १९८४ साली मांडले. कारण एका वाक्यात असे : कंपनीच्या मालाची खरी किंमत चालकांना ठाऊक असते, बाजाराला नसते.

हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे एक कोटी शेअर आहेत, कर्ज नाही. तिची आजची मालमत्ता एक तर ३०० कोटींची आहे किंवा १०० कोटींची. नेमकी कोणती, हे चालकांना माहीत आहे. बाजाराला दोन्ही शक्यता सारख्याच वाटतात. कंपनीपुढे एक नवा प्रकल्प आहे. त्यात १०० कोटी घातले की १२० कोटींचा माल उभा राहतो, म्हणजे २० कोटींचा निव्वळ लाभ. हे १०० कोटी नवे शेअर विकून आणायचे आहेत.

बाजाराने सरासरी धरली, तर जुन्या कंपनीची किंमत २०० आणि प्रकल्पाचा लाभ २०, मिळून २२० कोटी. नवे लोक १०० कोटी आणतील, म्हणजे एकूण ३२० पैकी ३१.२५ टक्के हिस्सा त्यांचा होईल. आता समजा, कंपनी खरोखरच ३०० कोटींची आहे. प्रकल्पानंतर ती ४२० कोटींची होईल आणि जुन्या भागधारकांकडे ६८.७५ टक्के उरतील. म्हणजे २८८.७५ कोटी. काहीच केले नसते तर त्यांचे ३०० कोटी शाबूत होते! प्रकल्प फायद्याचा असूनही जुन्या मालकांचे सव्वाअकरा कोटी नव्या लोकांच्या खिशात जातात. असा व्यवहार शहाणा चालक करणार नाही. तो प्रकल्प सोडून देईल.

मग शेअर विकायला कोण पुढे येईल? ज्याचा माल १०० कोटींचाच आहे, तो. बाजारही इतका भोळा नसतो. शेअर काढल्याची बातमी आली की बाजार ओळखतो, ही दुसऱ्या प्रकारची कंपनी आहे. घोषणेआधी भाव २१० रुपये असतो : निम्मी शक्यता ३०० ची, निम्मी १२० ची. घोषणेनंतर तो १२० वर येतो. जुनी मोटार विकायला काढणाऱ्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच ही नजर.

हेच १०० कोटी कर्जाऊ घेतले तर? कर्ज देणाऱ्याला ठरलेलेच पैसे परत मिळतात, त्यामुळे मालमत्ता ३०० ची की १०० ची याने त्याचे फारसे बिघडत नाही. चांगल्या कंपनीच्या मालकांकडे ३२० कोटी उरतात, साध्या कंपनीच्या मालकांकडे १२०. दोघेही प्रकल्प करतात, कोणी कोणाला फसवत नाही. म्हणून उतरंडीत कर्ज वर आणि शेअर तळाला.

माझे आकडे मुद्दाम ठसठशीत घेतले आहेत. अमेरिकेतल्या औद्योगिक कंपन्यांचा अनुभव सौम्य आहे. नव्या शेअरच्या घोषणेला भाव सरासरीने साधारण तीन टक्के उतरतो, साध्या कर्जरोख्यांच्या घोषणेला फारसा हलत नाही. ही नोंद उतरंडीच्या बाजूची. नफ्याचा पुरावाही तिच्याच बाजूचा. तोलाच्या हिशेबाने भरपूर नफा कमावणाऱ्या कंपनीने भरपूर कर्ज घेऊन कर वाचवायला हवा. पण मायक्रोसॉफ्टने पहिले दीर्घ मुदतीचे रोखे काढले ते थेट २००९ साली, आणि इन्फोसिस तर बिनकर्जी म्हणूनच ओळखली जाते. वरचे मडके भरलेले असताना खालच्याला कोण हात लावेल?

पण उतरंडीचा एक दाखला तिच्यावरच उलटतो. आतली माहिती बाहेरच्यांना सर्वांत कमी कुठे कळते? लहान, नव्या, तंत्रज्ञानातल्या कंपन्यांत. त्यांनी तर शेअर टाळायला हवेत. मरे फ्रँक आणि विधान गोयल यांनी २००३ साली आकडे तपासले, तेव्हा लहान कंपन्यांच्या बाबतीत ही उतरंड फारच कमी दिसली. अशा कंपन्या शेअरवरच वाढतात. याचे उत्तर तोलाकडे आहे : जिच्याकडे तारण ठेवायला ना जमीन ना यंत्रे, तिला कर्जाचे पारडे लगेच जड होते.

आता एक खरे उदाहरण, जे आपल्यापैकी अनेकांच्या घरात येऊन गेले. ३० एप्रिल २०२० रोजी रिलायन्स इंडस्ट्रीजने ५३,१२४ कोटी रुपयांचे हक्कभाग जाहीर केले. पंधरा शेअरमागे एक नवा, १,२५७ रुपयांना. त्या दिवशीचा बाजारभाव १,४६७ होता. ३१ मार्चला कंपनीवर ३,३६,२९४ कोटींचे कर्ज होते आणि हाताशी १,७५,२५९ कोटींची रोकड. निव्वळ कर्ज १,६१,०३५ कोटी, आणि ते शून्यावर आणण्याचा शब्द मुकेश अंबानींनी आधीच्या ऑगस्टमध्ये वार्षिक सभेत दिला होता.

वरवर पाहता हे तोलाचेच उदाहरण वाटते : कर्ज जड झाले, शेअर काढले. पण नफ्यातली, कर भरणारी कंपनी निव्वळ कर्ज थेट शून्यावर का आणेल? तोलाचा सिद्धांत काही ना काही कर्ज ठेवायला सांगतो. इथे उतरंड जास्त उलगडा करते. मायर्स म्हणतात, कंपन्या पुढच्या संधीसाठी रोकड आणि कर्जाची पत राखून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी तळाच्या मडक्यापर्यंत जावे लागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्सने चार अब्ज डॉलरचे रोखे विकले. राखलेली पत अशीच कामी येते.

मग भाव पडला का? त्याच आठवड्यांत फेसबुक आणि सिल्व्हर लेक जिओत पैसे घालत होते, बाहेर कोविडचा हाहाकार होता. त्या गोंधळातून एका घोषणेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. पण दुसरी एक गोष्ट स्वच्छ दिसते. हे शेअर परक्यांना विकायचे नव्हते, आधी जुन्या भागधारकांना द्यायचे होते. माझ्या उदाहरणाकडे परत पाहा. जुन्या मालकांनीच आपल्या हिश्श्याप्रमाणे सगळे नवे शेअर घेतले, तर ३०० ची कंपनी ४२० ची होते, १०० त्यांनी खिशातून घातले, हाती राहिले ३२०. कोणाचाच वाटा कोणाकडे गेला नाही. म्हणून हक्कभागात संशयाला जागा कमी. प्रवर्तकांनी स्वतःचा पूर्ण वाटा घेण्याची आणि उरलेले शेअरही उचलण्याची हमी दिली होती. आतली माहिती ज्यांच्याकडे आहे ते स्वतःचे पैसे घालत असतील, तर जुन्या मोटारीची उपमा तिथे लागू पडत नाही.

यात अडचण आपल्यासारख्यांची. अनेक कंपन्यांच्या प्रस्ताव-पत्रात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा देकार अमेरिकेतल्या भागधारकांसाठी नाही. इथल्या रोखे-कायद्याची नोंदणी कंपन्यांना टाळायची असते. आपण हिस्सा घेतला नाही, तर उदाहरणातले "जुने मालक" आपण पूर्णपणे राहत नाही. रिलायन्सचा हिशेब पाहा. १,४६७ चे पंधरा आणि १,२५७ चा एक, सोळांची सरासरी सुमारे १,४५४. म्हणजे एका हक्काची किंमत जवळपास १९७ रुपये. पैसे हप्त्यांनी द्यायचे होते, तो फायदा मी धरलेला नाही. दीडशे शेअर असलेल्याकडे असे दहा हक्क. पत्र ड्रॉवरमध्ये राहिले तर सुमारे दोन हजार रुपये गेले, आणि त्याची कुठे नोंदही नाही. सेबीच्या नव्या नियमांमुळे ते हक्क त्या वेळी डिमॅट खात्यात जमा झाले होते आणि २० ते २९ मे दरम्यान बाजारात विकता येत होते.

म्हणून बटाटेवडा हातात घेऊन विचारणाऱ्याला मीच उलट तीन प्रश्न विचारतो. पैसे कशासाठी हवेत : जड झालेले कर्ज फेडायला, की जे कर्जाने सहज झाले असते अशा कामाला? पहिले असेल तर तोलाचा सिद्धांत बातमी बरी म्हणेल, दुसरे असेल तर उतरंड सांगेल की चालकांना आजचा भाव फारच आवडलेला दिसतो. शेअर कोणाला विकले जात आहेत, परक्यांना की आपल्यालाच? आणि प्रवर्तक स्वतःचा वाटा पूर्ण घेत आहेत का? ही तीनही उत्तरे त्याच पत्रात असतात, बहुधा "निधीचा विनियोग" आणि "प्रवर्तकांचा सहभाग" अशा मथळ्यांखाली. शेवटची तारीखही तिथेच असते. आपल्याला घेता येत नसेल, तर हक्क विकायची मुदत त्याच्याही काही दिवस आधी संपते.