एका खिडकीची किंमत : टपाल कार्यालयातील कामबदलाचा मागोवा

पुणे–मिरज लोहमार्गावरील रहिमतपूर (तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा) यांसारख्या गावांतील उपडाकघरांची घडण पाहिली, तर एकाच माणसाला दिवसभर एकमेकांशी संबंध नसलेली कामे आलटूनपालटून करावी लागण्याची स्थिती तुलनेने अलीकडची आहे, असे दिसते. मनीऑर्डर 1880 मध्ये, बचत बँक 1882 मध्ये आणि टपाल जीवन विमा 1884 मध्ये सुरू झाला. पुढे शतकभर या सेवांची वाढ वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या शिक्क्यांनी आणि मोठ्या कार्यालयांत वेगवेगळ्या खिडक्यांवर झाली. खिडक्यांची ही विभागणी ग्राहकाला त्रासदायक होती, कारण रजिस्टर पत्र टाकून पासबुकात नोंद करून घेणाऱ्याला दोन रांगांत उभे राहावे लागे. परंतु खिडकीमागच्या कारकुनाला मात्र एका कामाचे नियम डोक्यात ठेवून तेच काम सलग करता येई. छोट्या उपडाकघरात माणसेच एकदोन असल्याने हे वेगळेपण तितके काटेकोर नव्हते, तरी पासबुके बाजूला गोळा करून ठेवून खातेवहीच्या नोंदी एकत्र करण्याची सोय कागदाने दिली होती.

1990च्या दशकात बहुउद्देशीय काउंटर यंत्रे आली आणि कोणत्याही खिडकीवर कोणतेही काम हे धोरण रुजले. रांगशास्त्राच्या, म्हणजे प्रतीक्षेचे गणित मांडणाऱ्या शास्त्राच्या, दृष्टीने ते योग्यच होते, कारण एक खिडकी रिकामी असताना दुसरीसमोर लोक ताटकळत राहणे त्यामुळे टळते. मात्र या गणितात काम बदलण्याला काही वेळ लागत नाही असे गृहीत धरलेले असते, आणि पुढच्या दोन दशकांत नेमके हेच गृहीतक ढासळत गेले. 2013 च्या अखेरीपासून बचत बँक केंद्रीय बँकिंग प्रणालीवर गेली, विम्याची संगणकप्रणाली वेगळी राहिली, टपाल नोंदणीची तिसरी आली, 2017 नंतर अनेक कार्यालयांत आधारचे यंत्र आणि 2018 पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे व्यवहारही त्याच माणसाकडे आले. प्रत्येकीचा प्रवेश-संकेत वेगळा, पडदा वेगळा आणि चुकीची दुरुस्ती करण्याची रीतही वेगळी. ग्राहकाला एक खिडकी मिळाली खरी. पण तिच्यामागे चार-पाच खिडक्या एकमेकींवर रचल्या गेल्या.

कामबदलाचा खर्च दोन थरांचा असतो. वरचा थर डोळ्यांना दिसतो : एक पडदा बंद करणे, मुदत संपलेला प्रवेश पुन्हा घेणे, शिक्का किंवा प्रिंटरचा कागद बदलणे. खालचा थर मनाचा. आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने 1927 मध्ये दाखवून दिले की, आकड्यांच्या एकाच यादीत आळीपाळीने बेरीज आणि वजाबाकी करायला लावल्यास गती मंदावते, पण एक आकडा, एक शब्द अशी सरमिसळ असेल तर ती जवळपास मंदावत नाही, कारण समोरची वस्तूच पुढचे काम कोणते ते सांगते. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी 1995 मध्ये याला महत्त्वाची जोड दिली : तयारीला पुरेसा वेळ दिला तरी काही विलंब उरतोच, आणि तो नव्या कामाच्या पहिल्याच घटकावर पडतो. प्रयोगशाळेतील हा विलंब सेकंदाच्या अंशांत मोजला जातो, त्यामुळे काउंटरवर त्याची झळ वेळेपेक्षा चुकांत अधिक दिसते. पैसे काढण्याचा अर्ज आणि भरणा पावती दिसायला जवळपास सारख्या असतात. रजिस्टर पत्र आणि पासबुक तसे नसतात. तेव्हा जर्सिल्डच्या निष्कर्षाप्रमाणे मनाला खरा धोका सर्वांत भिन्न कामांत नसून सारख्या दिसणाऱ्या कामांत असतो, तर यंत्राचा खर्च मात्र भिन्न कामांतच चढतो. या दोहोंची गल्लत केल्यास उपाय चुकीच्या ठिकाणी लावला जातो.

हा खर्च किती, हे एका कल्पित पण वास्तवाला धरून असलेल्या दिवसावरून पाहता येते. सहा तासांत 72 ग्राहक, म्हणजे सरासरी पाच मिनिटांना एक, आणि प्रत्येकाच्या प्रत्यक्ष कामाला चार मिनिटे, असे धरू. त्यांपैकी निम्मे बचत बँकेचे, तीस टक्के टपाल नोंदणीचे आणि वीस टक्के विमा वगैरेंचे असतील व ते कोणत्याही क्रमाने येत असतील, तर लागोपाठच्या दोन ग्राहकांची कामे भिन्न असण्याची शक्यता 62 टक्के येते. म्हणजे दिवसात सुमारे 44 वेळा कामबदल. प्रत्येकाला 40 सेकंद धरली, तर एकूण सुमारे अर्धा तास. अर्धा तास क्षुल्लक वाटतो, पण तो रांगेत मिसळला की त्याचे रूप पालटते. ग्राहकांचे येणे आणि कामाचा वेळ दोन्ही अनियमित असतील, तर रांगशास्त्राच्या सूत्राने चार मिनिटांच्या कामाला सरासरी प्रतीक्षा 16 मिनिटे येते. प्रत्येक कामात सरासरी 25 सेकंदांची भर पडताच ती 33 मिनिटांच्या आसपास जाते. खिडकी 80 टक्क्यांऐवजी 88 टक्के व्यग्र होते, आणि रांग मात्र दुपटीहून लांबते. हा खर्च छुपा राहतो तो याचमुळे : बाहेर उभ्या माणसाला कारकून संथ वाटतो, कारकुनाला गर्दी वाढल्यासारखी वाटते आणि ताळेबंदात काहीच उमटत नाही.

पाळीच्या आत करता येण्याजोग्या उपायांत पहिला मान टपालाच्या वेळापत्रकाला जातो. थैली बंद होण्याची वेळ ठरलेली असल्याने मोठी नोंदणी त्याआधीच्या ठरावीक तासात, आणि आवर्ती ठेवीच्या एजंटांच्या याद्या त्यानंतर, अशी मांडणी केली की दिवसातील मोठे तुकडे आपोआप सलग होतात. महिन्याच्या पंधरा तारखेला आणि अखेरीस आवर्ती ठेवीच्या हप्त्यांची मुदत असते, त्यामुळे या काळात यादीची वेळ आदल्या दिवशी ठरवण्यास विशेष अर्थ आहे. दोन माणसे असतील, तर एक खिडकी फक्त बचत बँकेची ठेवल्याने वरच्या उदाहरणातील 44 बदल सुमारे 17 वर येतात, आणि तेही सगळे दुसऱ्या खिडकीवर. मात्र बचतीची खिडकी मोकळी पडून दुसरीकडे रांग दिसू लागली, तर ही विभागणी त्याक्षणी मोडावी, कारण रिकाम्या बसण्याचा तोटा बदलाच्या खर्चाहून मोठा ठरतो. एकच माणूस असेल, तर रांगेतील एकाच प्रकारची दोन-तीन कामे जोडून घेता येतात, पण याहून जास्त नाही. नाहीतर वृद्ध निवृत्तिवेतनधारक केवळ त्याचे काम वेगळे म्हणून मागे राहतो आणि रांग न्याय्य वाटेनाशी होते.

मध्येच थांबलेल्या कामाचे वेगळे आहे. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवले की अपूर्ण सोडलेले काम पुढच्या कामातही लक्षाचा काही भाग अडवून ठेवते. पुढे थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासह 2018 मध्ये त्यांनी असेही नोंदवले की काम सोडताना ‘कुठवर झाले, परतल्यावर प्रथम काय’ हे थोडक्यात लिहिले तर हा अडथळा बराच कमी होतो. खिडकीतून डोकावून ‘एकच विचारायचं होतं’ म्हणणाऱ्याला उत्तर देण्याआधी पासबुकाखालच्या चिठ्ठीवर ‘रक्कम मोजली, नोंद बाकी’ एवढे लिहायला पाच सेकंद पुरतात.

यातील काहीही लागू पडते की नाही, हे ओळखण्याची खूण दिवसअखेरच्या जुळणीत सापडते. आठवडाभर प्रत्येक व्यवहारासमोर कामाचे अक्षर आणि वेळ लिहिली, आणि रोकड किंवा लाँग बुक (दिवसातील जमा-खर्चाची बचत बँकेची यादी) जुळली नाही की चूक कोणत्या ओळीवर सापडली हे नोंदवले, तर चुका बदलानंतरच्या पहिल्या ओळीवर गोळा होतात की दिवसभर विखुरतात, ते दिसते. विखुरत असतील, तर कारण थकवा किंवा अपुरे प्रशिक्षण यांत शोधावे लागते. ऑगस्ट 2025 पर्यंत देशभर टपालाच्या नव्या एकत्रित प्रणालीकडे झालेले स्थलांतर आणि त्याच वर्षी रजिस्टर टपालाचे स्पीड पोस्टमध्ये झालेले विलीनीकरण यांनी कामांचे प्रकार थोडे घटवले. पण बचत बँक, आधार आणि पेमेंट्स बँक अजून स्वतंत्र पडद्यांवर आहेत, आणि रहिमतपूरसारख्या ठिकाणी ते पडदे बहुधा एकाच खुर्चीसमोर उघडतात.