राजीनामा, पाच वाक्यांत

वर्षभरात नोकरी सोडणाऱ्या ज्युनिअरने मेलमध्ये कारणांची जंत्री देऊ नये. एचआरची नजर आधी शेवटच्या दिवसाच्या तारखेवर जाते. नियुक्तिपत्रात ३० दिवसांची नोटीस असेल आणि मेल ३ जूनला गेला, तर दुसऱ्या दिवसापासून मोजून ३ जुलै येतो.

विषय: राजीनामा, कर्मचारी क्रमांकासह

‘सर, मी ज्युनिअर अकाउंटंट पदाचा राजीनामा देत आहे. ३० दिवसांच्या नोटिशीनुसार ३ जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोवर हातातली कामं सोपवून देईन. राजीनामा स्वीकारल्याचं कृपया कळवावं. आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभार.’

बस्स. ‘राजीनाम्याचा विचार करत आहे’ असं मात्र लिहू नका. भिडेखातर लिहिलेल्या या वाक्याला कुणी राजीनामा मानेलच असं नाही, आणि मग नोटिशीचे दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद होतो. मेल साहेबांना पाठवा, एचआरला सीसीत ठेवा आणि स्वतःचा खासगी पत्ता बीसीसीत घाला. ऑफिसचा मेल सहसा शेवटच्या दिवशीच बंद होतो. पुढे रिलीव्हिंग लेटर अडलं, तर तारखेचा पुरावा त्या खासगी प्रतीतच सापडतो.