आढावा हवा, पण कशाचा?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात काम करणारी एक संस्था डोळ्यांपुढे आणा. तिथले कार्यकर्ते महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन करतात, 'सर, शेतकरी आत्महत्यांवर आजवर जे संशोधन झालंय, त्याचा एक आढावा करून द्याल का? महिनाभरात मिळाला तर बरं.' मागणी रास्त आहे, विषयही सगळ्यांच्या माहितीतला. पण कोणत्या काळातलं संशोधन, कोणत्या भागातलं, कोणत्या शास्त्रातलं, यातलं काहीच ठरलेलं नाही. प्राध्यापक तसेच कामाला लागले तर महिनाभराने शे-दोनशे पानं तयार होतील आणि संस्थेच्या बैठकीत ती कुणालाच वापरता येणार नाहीत.

असं का होतं, ते याच विषयात शिरल्यावर कळतं. शेतकरी आत्महत्यांवरचं लेखन एका कपाटात नाही. अर्थशास्त्राचे अभ्यासक कर्ज, कापसाचा भाव आणि सिंचन यांवर लिहितात. त्यांचे लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'सारख्या साप्ताहिकात सापडतात. 'टाटा समाजविज्ञान संस्थे'चा २००५ चा अहवाल आणि मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्रा यांचा २००६ चा अहवाल हेही त्याच अंगाचे. मनोविकारतज्ज्ञ आणि सार्वजनिक आरोग्याचे संशोधक मात्र 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकांत लिहितात. तिथे चर्चा असते ती आत्महत्येचं साधन, नैराश्य आणि उपचार यांची. वैद्यकीय लेखांच्या 'पबमेड' या सूचीत शोध घेणाऱ्याला अर्थशास्त्राचं कपाट जवळजवळ दिसतच नाही, आणि उलटही तसंच.

म्हणून पहिला प्रश्न विषयाचा नसतो, उपयोगाचा असतो: हा आढावा हाती आल्यावर संस्था काय ठरवणार आहे?

समजा, कार्यकर्त्यांनी सांगितलं, 'गावातल्या घरांना कीटकनाशकं ठेवायला कुलुपाच्या पेट्या वाटायच्या आहेत. देणगीदार तयार आहेत. उपयोग होईल का, एवढं कळायला हवं.' या एका उत्तराने कामाचा आकार बदलतो. कर्जमाफीवरचे शेकडो लेख बाजूला पडतात आणि प्रश्न एका वाक्यात मांडता येतो: ग्रामीण भागात कीटकनाशकं कुलपात ठेवल्याने विषबाधेच्या घटना कमी होतात का?

आता भागाची हद्द ठरवायची. मनात पहिल्यांदा येतो विदर्भ. पण हद्द विदर्भापुरती आखली तर या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा हातून निसटेल, कारण तो श्रीलंकेतला आहे. तिथल्या १८० गावांत, पन्नास हजारांहून अधिक घरांमध्ये हीच कल्पना तपासली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या गावांना कुलुपाच्या पेट्या दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: पेट्यांमुळे कीटकनाशकाने स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना कमी झाल्याचं आढळलं नाही. भारतात तामिळनाडूतही, सगळ्या गावाची कीटकनाशकं एका सामायिक जागी ठेवण्याचा छोटा प्रयोग झाला होता. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पेट्या विकत घेण्यापूर्वी संस्थेला हे दोन्ही माहीत असायला हवं. तेव्हा इथली हद्द विदर्भ किंवा महाराष्ट्र अशी न आखता 'छोटी शेती आणि घरात कीटकनाशकं असलेले आशियातले ग्रामीण भाग' अशी आखावी लागते.

शोधाचे शब्दही त्या एका वाक्यातूनच निघतात. पबमेडमध्ये सुरुवात अशी करता येईल:

```
pesticide* AND storage AND (suicid* OR poison*)
```

यात 'शेतकरी' हा शब्द मुद्दाम घेतलेला नाही. श्रीलंकेतल्या त्या लेखाच्या शीर्षकात घरं आहेत, ग्रामीण आशिया आहे. शेतकरी आणि भारत हे शब्द नाहीत. नेहमीचे शब्द घालून, फक्त शीर्षकांत शोधणाऱ्याला तो भेटलाच नसता. शोध नीट चाललाय की नाही, हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. विषयावरचे दोन-तीन महत्त्वाचे लेख आधीच माहीत करून घ्यायचे आणि आपल्या शब्दांनी ते सापडतात का ते बघायचं. सापडले नाहीत तर शब्द बदलायचे.

वर्षांची हद्द प्रत्येक प्रश्नाला वेगळी लागते. पेट्यांवरचे अभ्यास मुळातच मोजके, म्हणून सुरुवातीचं वर्ष न घालणंच बरं. शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, एवढं लिहून ठेवायचं. पण संस्थेने विचारलं असतं, 'आत्महत्या वाढल्या की घटल्या?', तर वर्षं हाच कळीचा मुद्दा ठरला असता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ मध्ये शेतीत स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा ११,७७२ होता. २०१४ मध्ये शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० दिसतो. वाचणाऱ्याला वाटेल, वर्षभरात आत्महत्या निम्म्या झाल्या. प्रत्यक्षात त्या वर्षी वर्गीकरण बदललं आणि शेतमजुरांचा वेगळा रकाना आला. त्यात ६,७१० मृत्यू नोंदलेले आहेत. २०१० ते २०१५ अशी गोल हद्द घेऊन हे आकडे एका ओळीत मांडले तर आढावा न घडलेली घट दाखवेल.

'शेतकरी' कोणाला म्हणायचं, हाही असाच प्रश्न. महाराष्ट्रात मदतीसाठी प्रकरणं पात्र-अपात्र ठरतात तेव्हा जमीन कोणाच्या नावावर आणि कर्ज कोणाचं, हे पाहिलं जातं. सातबाऱ्यावर नाव नसलेली, पण आयुष्यभर शेतात राबलेली बाई अशा नोंदीत सहज हरवते. सरकारी प्रकरणांवरचा अभ्यास आणि घरोघरी जाऊन केलेला अभ्यास एकत्र मांडताना ही व्याख्या शेजारी लिहिली नाही, तर दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज होते.

व्याख्या पक्की झाली की नाही, तेही तपासता येतं. सापडलेल्या लेखांपैकी वीस लेखांचे सारांश दोघांनी वेगवेगळे वाचायचे आणि 'घ्यायचा' किंवा 'सोडायचा' असं लिहायचं. एकोणीस जुळले तर पुढे जायला हरकत नाही. सात-आठ ठिकाणी मतभेद झाले तर दोष वाचणाऱ्यांचा नसतो. नियमातच अजून सैलपणा आहे. तो वीस लेखांवर दुरुस्त होतो. चारशे लेख वाचून झाल्यावर सगळं पहिल्यापासून चाळावं लागतं.

पेट्यांच्या आढाव्यालाही मर्यादा आहे आणि ती पहिल्याच पानावर सांगायला हवी. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ आणि १९९८ मध्ये निर्बंध आले; १९९६ ते २००५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा पुरावा पेट्यांचा नाही, बंदीचा आहे. संस्थेला तोही हवा असेल तर प्रश्न दुसरा होईल, शब्द वेगळे लागतील आणि महिना पुरणार नाही.

तेव्हा आढावा मागणाऱ्यांनी फोन करण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात: कोणता निर्णय घ्यायचा आहे, कोणत्या माणसांबद्दल, कोणत्या भागातला पुरावा चालेल, कोणत्या वर्षांपासून आणि का, आणि इंग्रजीखेरीज मराठी प्रबंध व सरकारी अहवाल धरायचे की नाही. आढावा करणाऱ्यांनी तो कागद हाती आल्याशिवाय पहिला लेख उघडू नये.