नफा तोच, मग परतावा वेगळा कसा?

समजा, एका घरातल्या ताई आणि दादा या भावंडांनी म्युच्युअल फंडांत प्रत्येकी ५ लाख रुपये गुंतवले. १ एप्रिल २०२५ रोजी दोघांच्याही खात्यावर ६ लाख दिसतात. नफा १ लाखाचा, म्हणजे २० टक्के. पहिली रक्कम तीन वर्षांपूर्वी भरलेली, म्हणून तिनाने भागायचे की वर्षाला साधारण पावणेसात टक्के आले. बहुतेक घरांतला हिशेब इथेच संपतो आणि दोघांची कमाई सारखीच ठरते.

पण पैसे कधी भरले ते बघा. दादाने १ एप्रिल २०२२ला फक्त १ लाख भरले होते. उरलेले ४ लाख जुनी जागा विकल्यावर आले, ते त्याने १ एप्रिल २०२४ला टाकले. ताईचे नेमके उलटे. आधी ४ लाख, दोन वर्षांनी १ लाख. दादाचे बहुतेक पैसे जेमतेम वर्षभर कामाला होते, ताईचे तीन वर्षे राबले. तरी नफा सारखाच, म्हणजे दादाचा पैसा बराच जास्त वेगाने वाढला.

किती वेगाने, ते एक्सआयआरआर सांगते. प्रत्येक रक्कम आपापल्या तारखेपासून कोणत्या एकाच वार्षिक चक्रवाढ दराने वाढली असती, तर आज सगळ्यांची बेरीज बरोबर ६ लाख झाली असती? तो दर शोधायचा. याला सरळ सूत्र नाही, अंदाज घेत जावे लागते. दादासाठी १० टक्के धरले तर १ लाखाचे १.३३ लाख आणि ४ लाखांचे ४.४० लाख, एकूण ५.७३. कमी पडले. १५ टक्क्यांना ६.१२ लाख होतात, ते जास्त. साडेतेराला १.४६ आणि ४.५४ मिळून ६ लाख जुळतात. ताईचा दर याच रीतीने निघतो ७.२ टक्के. बँकेच्या मुदत ठेवीवर सात टक्के मिळत असतील, तर बाजाराची जोखीम घेऊन ताईच्या हाती फारसे काही लागले नाही. ‘पावणेसात’च्या हिशेबात ही गोष्ट तर दिसत नव्हतीच, दादाची चांगली कमाईही झाकली गेली होती.

संगणक हाच अंदाजांचा खेळ क्षणात खेळतो. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. खिशातून गेलेले पैसे उणे, परत आलेले अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख व आजचे मूल्य, जणू आज सगळे विकून टाकले. दादाचा तक्ता असा:

```
01-04-2022   -100000
01-04-2024   -400000
01-04-2025    600000

=XIRR(B1:B3,A1:A3)
```

सगळ्याच रकमांचे उणे चिन्ह विसरले तर `#NUM!` येते, म्हणजे चूक निदान कळते. तारखांची चूक जास्त लबाड आहे. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५-०४ म्हणजे ५ एप्रिल न होता ४ मे होतो, आणि चुकीचे उत्तर निमूटपणे येते. म्हणून महिना अक्षरांत दिसेल असे स्वरूप ठेवून एकदा नजर फिरवावी. अनेक फंड असतील तर प्रत्येकाचा दर काढून सरासरी करू नये. सगळ्या नोंदी एकाच रकान्यात ओताव्यात. हातात मिळालेला लाभांश अधिक म्हणून लिहावा, परस्पर पुन्हा गुंतवला गेलेला लिहू नये, कारण तो आजच्या मूल्यात आधीच धरलेला असतो.

उत्तर बरोबर आहे का, हे कागदावर ताडून पाहता येते. दादाचे १ लाख तीन वर्षे आणि ४ लाख एक वर्ष, म्हणजे सात ‘लाख-वर्षे’. १ लाख नफ्याला सातने भागले की १४.३ टक्के. ताईची तेरा लाख-वर्षे, म्हणून ७.७. यात चक्रवाढ धरलेली नाही, त्यामुळे खरा आकडा किंचित कमी येतो. फार फरक दिसला तर तक्त्यात काहीतरी चुकले आहे.

वर्ष पुरे होण्याआधी मात्र हा आकडा बघू नये. महिन्याभरात ३ टक्के वाढ झाली, तर एक्सआयआरआर तीच चाल वर्षभर टिकेल असे धरून ४३ टक्के दाखवते. ॲपवर असा आकडा हिरव्या रंगात झळकला की माणसे अधिक पैसे टाकतात, ही मला या मोजमापाची सर्वांत वाईट बाजू वाटते.

शिवाय हा आकडा फंडाचे प्रगतिपुस्तक नव्हे. त्यात आपल्या भरण्याच्या वेळाही मिसळलेल्या असतात, म्हणून फंडाच्या माहितीपत्रकातल्या एकरकमी परताव्याशी तो ताडता येत नाही. तुलना करायचीच तर त्याच तारखांना तेवढ्याच रकमा एखाद्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात टाकल्या असत्या असे धरावे. त्या दिवसांची एनएव्ही ‘ॲम्फी’च्या संकेतस्थळावर मिळते. तिने रक्कम भागली की युनिट निघतात, त्यांचे आजचे मूल्य शेवटच्या ओळीत लिहायचे आणि तेच सूत्र पुन्हा चालवायचे.