दहा हजारांच्या पॉवर बँकेतून दोन चार्ज का होत नाहीत?

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० एमएएच बॅटरीचा फोन दोनदा पूर्ण चार्ज व्हावा, असा साधा भागाकार सगळेच करतात. प्रत्यक्षात एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा जेमतेम निम्मा फोन भरतो. बहुतेक वेळा यात फसवणूक नसते. खोक्यावरचा आकडा खरा असतो, पण भागाकारासाठी तो चुकीचा असतो.

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. बॅटरीतून किती विद्युतभार बाहेर पडू शकतो हे त्यावरून कळते, किती ऊर्जा मिळेल हे कळत नाही. टाकीत किती लिटर पाणी आहे एवढ्यावरून त्या पाण्याने चक्की किती फिरेल हे ठरत नाही, टाकीची उंचीही पाहावी लागते. विजेच्या बाबतीत ही उंची म्हणजे व्होल्टेज. म्हणून हिशोब वॅट-तासांत करायचा: एमएएचला व्होल्टेजने गुणून १,०००ने भागायचे.

पॉवर बँकेतल्या लिथियम सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७ असते. म्हणजे १०,००० एमएएचची ऊर्जा ३७ वॅट-तास. आजच्या बऱ्याच फोनच्या बॅटरीचे व्होल्टेज थोडे जास्त, ३.८७च्या आसपास असते. त्यामुळे ५,००० एमएएचच्या फोनला सुमारे १९.३५ वॅट-तास लागतात. वाटेत काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी चार्ज होतात १.९. दोनाचा आकडा इथेच हुकतो.

आता वाटेतली गळती. यूएसबीच्या तारेतून साधारणपणे ५ व्होल्ट जातात, म्हणून पॉवर बँकेतले सर्किट ३.७ व्होल्टचे ५ करते. व्होल्टेज वाढले की तेवढ्याच ऊर्जेत एमएएच कमी भरतात, ३७ वॅट-तासांचे ५ व्होल्टला ७,४०० एमएएच होतात. ही घट पाहून अनेकांना वाटते की एक चतुर्थांश वीज उडाली. तसे नसते. फोनमधले सर्किट व्होल्टेज पुन्हा खाली आणते, तेव्हा त्या हिशोबातले बरेच एमएएच परत येतात. खरी हानी म्हणजे या चढ-उतारात उष्णता होऊन जाणारी ऊर्जा. चांगले सर्किट सुमारे ९० टक्के ऊर्जा पुढे पाठवते, स्वस्तातले त्याहून कमी. चार्ज करताना पॉवर बँक कोमट लागते, ती याच उष्णतेमुळे.

९० टक्के धरले तर ३७पैकी ३३.३ वॅट-तास पोर्टपाशी पोहोचतात. पुढे केबल. तिचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह २ अँपिअर असेल, तर १० वॅटपैकी ०.४ वॅट तारेतच जातात, म्हणजे ४ टक्के. बारीक तारेच्या लांब केबलमध्ये रोध दुप्पट झाला की ही हानीही दुप्पट होते. चांगल्या केबलने सुमारे ३२ वॅट-तास फोनपर्यंत येतात. फोनचे चार्जिंग सर्किट आणि बॅटरी मिळून आणखी दहाएक टक्के खातात. उरतात २८.८. त्यांना १९.३५ने भागले की उत्तर येते दीड.

हा दीडही फोन स्वस्थ ठेवल्यावरचा. चार्जिंग चालू असताना व्हिडिओ पाहिला तर येणारी काही वीज पडदा आणि प्रोसेसर थेट वापरतात, ती बॅटरीत साठतच नाही. वायरलेस चार्जिंगमध्ये दोन कॉइलमधली हवेची फट आणि नीट न जुळलेली जागा यांमुळे हानी आणखी वाढते. शिवाय सेल जुने होतात. काही शे वेळा भरून-रिकामे झाल्यावर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरणे लिथियम सेलसाठी स्वाभाविक आहे, आणि कडक उन्हात बंद गाडीत राहिलेले सेल त्याआधीच थकतात.

खरेदी करताना उपयोगी आकडा पाठीमागच्या बारीक अक्षरांत असतो, ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाने. १०,०००च्या पॉवर बँकेवर तो ५ व्होल्टला ६,०००च्या आसपास दिसला तर गडबडून जाऊ नये, कारण हा पोर्टपाशी मिळणाऱ्या विजेचा प्रामाणिक आकडा आहे. पॉवर बँक आणि फोन यांच्यामध्ये छोटा यूएसबी मीटर लावला तर तो स्वतः पडताळताही येतो. मात्र मीटरवर वॅट-तास वाचावेत, एमएएच नव्हे. फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज ९पर्यंत चढते आणि एमएएचचा आकडा फसवा लहान दिसतो.

फसवणूक ओळखायला मीटरआधी वजन पुरते. १८६५० नावाच्या गोल सेलचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या वर आणि क्षमता साधारणपणे ३,५०० एमएएचपर्यंत असते. त्यामुळे १०,०००साठी असे किमान तीन सेल लागतात आणि नुसत्या सेलचेच वजन १३५ ग्रॅमच्या पुढे जाते. चपट्या सेलमध्येही फार मोठा फरक पडत नाही. शंभर ग्रॅमच्या डबीवर २०,००० छापलेले असेल, तर तो आकडा खोटा आहे.